विश्वास, सहभाग आणि राज्यसंस्थेची वर्तणूक

एखाद्या देशाची राज्यघटना, निवडणूक पद्धती आणि कायदे ठाऊक झाले, तरी त्या देशातील लोक सत्तेकडे कोणत्या नजरेने पाहतात हे त्यांवरून कळत नाही. शासनाबद्दल लोकांना असलेली माहिती, त्याच्याबद्दल वाटणारा जिव्हाळा किंवा दुरावा आणि त्याच्या कामाविषयी ते करीत असलेला निवाडा, या तिन्हींच्या समाजात रुजलेल्या घडणीला राज्यशास्त्रात ‘राजकीय संस्कृती’ असे म्हणतात. ही संकल्पना गप्पांच्या पातळीवरून मोजमापाच्या पातळीवर आणण्याचे श्रेय गॅब्रिएल आल्मंड आणि सिडनी व्हर्बा या दोन अमेरिकी अभ्यासकांकडे जाते. अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, इटली आणि मेक्सिको या पाच देशांत १९५९-६० या काळात प्रत्येकी सुमारे एक हजार लोकांच्या मुलाखती घेऊन त्यांनी ‘द सिव्हिक कल्चर’ हा ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्यासमोरचा प्रश्न त्या पिढीला छळणारा होता: दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जर्मनी आणि इटलीतील लोकशाही कोसळली आणि ब्रिटन-अमेरिकेतील टिकली, याचे कारण लोकांच्या मनोवृत्तीत आहे काय?

त्यांनी राजकीय संस्कृतीचे तीन नमुने कल्पिले. ज्यांना आपल्या गावापलीकडच्या सत्तेची फारशी जाणीवच नसते त्यांची संस्कृती संकुचित. ज्यांना शासन ठाऊक असते, त्याच्या आज्ञा आणि लाभ दोन्ही पोहोचतात, पण त्याच्यावर आपला प्रभाव पडू शकेल असे वाटत नाही त्यांची प्रजाभावी. आणि जे स्वतःला निर्णयप्रक्रियेतले भागीदार समजतात त्यांची सहभागी. लोकशाहीला केवळ तिसरा नमुना पोषक असतो असे त्यांचे म्हणणे नव्हते, आणि त्यांच्या सिद्धान्तातला हाच भाग पुढे अनेकांच्या विस्मरणात गेला. प्रत्येक जण प्रत्येक प्रश्नावर रस्त्यावर उतरला तर शासनाला काम करता येणार नाही आणि कोणीच उतरला नाही तर शासन बेबंद होईल. म्हणून सहभागाची तयारी, अधिकाराचा मान आणि खासगी आयुष्यातली गुंतवणूक यांचे मिश्रण ज्या समाजात साधते, त्या समाजाच्या संस्कृतीला त्यांनी ‘नागरी संस्कृती’ हे नाव दिले. या मिश्रणाला बांधून ठेवणारा घटक म्हणजे परस्परविश्वास.

त्यांच्या आकड्यांतले दोन संच आजही उद्धृत केले जातात. देशातील कोणत्या गोष्टीचा अभिमान वाटतो असे विचारल्यावर शासन आणि राजकीय संस्थांचा उल्लेख अमेरिकेत शंभरातील ८५ जणांनी, ब्रिटनमध्ये ४६ जणांनी, मेक्सिकोत ३० जणांनी, पश्चिम जर्मनीत ७ जणांनी आणि इटलीत अवघ्या ३ जणांनी केला. बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो, या विधानाला अमेरिकेत ५५, ब्रिटनमध्ये ४९, मेक्सिकोत ३०, जर्मनीत १९ आणि इटलीत ७ टक्के लोकांनी होकार दिला. निष्कर्ष जणू आधीच ठरलेला होता: इंग्रजी भाषक लोकशाह्या नागरी संस्कृतीच्या जवळ आणि इतर तिच्यापासून कमीअधिक दूर. टीकाकारांनी नेमके यावरच बोट ठेवले. मेक्सिकोतील नमुना केवळ दहा हजारांहून मोठ्या वस्तीच्या गावांतून घेतलेला होता, म्हणजे त्या देशाचा मोठा ग्रामीण भाग त्यात आलाच नव्हता. कॅरोल पेटमन यांनी दाखवून दिले की, सहभागाची जाणीव शिक्षण आणि वर्ग यांनुसार बदलते, त्यामुळे जिला राष्ट्राची संस्कृती म्हटले जात होते ती बऱ्याच अंशी सुस्थित वर्गाची संस्कृती होती.

पण या सिद्धान्ताला खरा धक्का दिला तो जर्मनीने. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम जर्मनीत जवळपास ८८ टक्के मतदान झाले होते, आणि तरीही दोनच वर्षांनी राजकीय संस्थांचा अभिमान सांगणारे शंभरात सात निघाले. मतदान हे तेथे कर्तव्य म्हणून, सरकारी अर्ज भरावा तसे, पार पाडले जात होते. पुढच्या वीस वर्षांत मात्र चित्र पालटले. डेव्हिड कॉनराट यांनी १९८० मध्ये, मूळ ग्रंथाच्या फेरविचारासाठी निघालेल्या संग्रहात, नंतरची जर्मन सर्वेक्षणे एकत्र मांडली तेव्हा संस्थांचा अभिमान सांगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवर आणि परस्परविश्वासाचे प्रमाण मूळच्या जवळपास दुप्पट झालेले दिसले. ज्या देशात राईन नदीकाठच्या व्हील या गावी नियोजित अणुवीज प्रकल्पाच्या जागेवर १९७५ मध्ये द्राक्षमळ्यांच्या मालकांनी आणि विद्यार्थ्यांनी ठिय्या दिला, तो आज्ञाधारक प्रजेचा देश राहिला नव्हता. एका पिढीत असे होऊ शकत असेल, तर संस्कृती ही शतकानुशतके मुरलेली आणि म्हणून न हलणारी वस्तू आहे असे मानता येत नाही. आर्थिक भरभराट, स्थिर शासन, शांततेत झालेले सत्तांतर आणि युद्धोत्तर शिक्षण यांनी मिळून ती घडवली. अर्थात, यातील कोणत्या घटकाचा वाटा किती हे वेगळे काढून दाखवणे कोणालाच जमलेले नाही.

याच प्रश्नाची उलट बाजू इटलीत तपासली गेली, आणि ती या विषयातली सर्वांत बोलकी कहाणी आहे. एडवर्ड बॅनफिल्ड यांनी दक्षिण इटलीतील एका गरीब खेड्यात पन्नासच्या दशकात राहून १९५८ मध्ये असे मांडले की, तेथील माणूस आपल्या कुटुंबाच्या तात्कालिक लाभापलीकडे कोणत्याही समाईक कामात हात घालत नाही, कारण इतरही तसेच वागणार याची त्याला खात्री असते. बारा वर्षांनी, १९७० मध्ये, इटलीने देशभर निवडून आलेली प्रादेशिक सरकारे स्थापन केली. कायदा एकच, रचना एकच, अधिकारही बहुतांशी एकसारखेच. बदलती होती ती फक्त माती. प्रयोगशाळेत मांडावा तसा हा प्रयोग रॉबर्ट पटनम आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी सुमारे वीस वर्षे पाहिला आणि १९९३ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

प्रादेशिक सरकारची कार्यक्षमता मोजण्यासाठी त्यांनी बारा कसोट्या लावल्या, अंदाजपत्रक वेळेत मंजूर होते का, मंत्रिमंडळ टिकते का, पाळणाघरे आणि दवाखाने उभे राहतात का, अशा. त्यांतली एक कसोटी मुद्दाम सांगण्याजोगी आहे. जानेवारी १९८३ मध्ये प्रत्येक प्रदेशाच्या कार्यालयांकडे सामान्य नागरिकाच्या नावाने तीन पत्रे गेली. आरोग्य खात्याला विचारले होते की, परदेशात सुट्टीवर असताना आजारी पडल्यास झालेल्या खर्चाची भरपाई कशी मागायची. शिक्षण खात्याला, शाळा संपवत असलेल्या भावासाठी व्यवसायशिक्षणाच्या कोणत्या सोयी आहेत. आणि शेती खात्याला, नवीन प्रायोगिक पिके घेऊ पाहणाऱ्या शेतकरी मित्राला कर्ज किंवा अनुदान मिळेल का. एमिलिया-रोमान्या आणि व्हाले दाओस्ता या उत्तरेकडील प्रदेशांत दोन पत्रांना आठवड्याभरात पूर्ण उत्तर आले आणि तिसऱ्याचे काम एका दूरध्वनीवर झाले. कालाब्रिया, कांपानिया आणि सार्डिनिया येथे एकाही पत्राला उत्तर आले नाही. माहिती काढण्यासाठी अनेकदा फोन करावे लागले, शेवटी स्वतः जाऊन कार्यालयात उभे राहावे लागले आणि आठवडेच्या आठवडे गेले.

हा फरक पैशामुळे पडतो असे सहज वाटेल, पण श्रीमंतीच्या पातळीने तो पुरता उलगडत नव्हता. पटनम यांना त्याचे उत्तर सापडले ते ‘नागरी समुदाया’च्या चार खुणांत: लोक वृत्तपत्रे वाचतात का, क्रीडा आणि सांस्कृतिक मंडळे किती आहेत, सार्वमतात मतदान किती होते आणि चौथी खूण जरा तिरकी, ‘पसंतीचे मत’ किती वापरले जाते. इटलीत मतदार पक्षाच्या यादीला मत देत असे, पण हवे तर त्या यादीतील विशिष्ट उमेदवाराचे नावही लिहू शकत असे. हे नाव लिहिण्याचे प्रमाण दक्षिणेत फार मोठे होते, कारण तेथे मत हे धोरणासाठी नसून ओळखीच्या माणसासाठी, म्हणजे नोकरी, परवाना किंवा दाखला मिळवून देणाऱ्या आश्रयदात्यासाठी दिले जात होते. सार्वमतात मात्र घटस्फोटाच्या कायद्यासारखे प्रश्न असत. तेथे कोणाचा वशिला लागत नाही आणि कोणी उपकार फेडत नाही, म्हणून त्यातील मतदान हे निखळ नागरी सहभागाचे माप ठरले. वशिल्याच्या राजकारणातही सहभाग भरपूर असतो, पण तो उभा असतो, खालून वर हात पसरणारा. मंडळांच्या राजकारणातला सहभाग आडवा असतो, बरोबरीच्यांचा. या आडव्या संबंधांतून निर्माण होणारा विश्वास, देवघेवीचे संकेत आणि ओळखीची जाळी यांना पटनम यांनी ‘सामाजिक भांडवल’ म्हटले.

येथवर युक्तिवाद भक्कम आहे. पुढे तो डळमळतो. उत्तर-दक्षिण भेदाचे मूळ पटनम थेट मध्ययुगात नेतात, उत्तरेकडील स्वायत्त नगरे आणि दक्षिणेकडील नॉर्मन राजांची केंद्रित सत्ता यांपर्यंत. सिडनी टॅरो यांनी १९९६ मध्ये विचारले की, दक्षिणेवर शतकानुशतके परक्या राजवटींनी आणि १८६१ नंतर एकीकृत इटालियन राज्यानेही जे केले ते बाजूला ठेवून दोष दक्षिणेच्या समाजालाच का द्यायचा. शिवाय ज्या बोलोन्या आणि फेरारा परिसराला नागरी समुदायाचा आदर्श मानले गेले, तेथेच १९२०-२१ मध्ये फॅसिस्ट टोळ्यांनी सर्वांत आधी मूळ धरले होते. जर्मनीतला अनुभव याहून कटू आहे. सन १९३३ पूर्वीचे जर्मनी गायनमंडळे, व्यायामशाळा आणि माजी सैनिकांच्या संघांनी गजबजलेले होते, आणि शेरी बर्मन यांनी १९९७ मध्ये दाखवले की दुबळ्या पक्षव्यवस्थेत नाझींना हीच मंडळे आयती शिडी म्हणून मिळाली. पुढे २०१७ मध्ये सत्यनाथ, व्हॉइगटलेंडर आणि व्होथ यांनी शहरवार नोंदी तपासून ठरवले की, जेथे मंडळे दाट तेथे नाझी पक्षाची सभासदनोंदणीही अधिक वेगाने झाली. मंडळ कशासाठी आहे आणि भोवतालची राज्यसंस्था कशी आहे, हे न पाहता मंडळांची संख्या मोजण्यात अर्थ नाही.

विश्वास मोजण्याचा प्रश्नही दिसतो तितका सरळ नाही. रोनाल्ड इंगलहार्ट यांच्या पुढाकाराने १९८१ पासून सुरू झालेल्या जागतिक मूल्य सर्वेक्षणात, बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो की माणसांशी वागताना जपून राहावे लागते, असा एकच प्रश्न देशोदेशी विचारला जातो. अनोळखी माणसाबद्दलच्या या सरसकट भावनेला ‘व्यापक विश्वास’ म्हणतात आणि नातेवाईक, शेजारी यांच्यापुरत्या विश्वासाला ‘मर्यादित विश्वास’. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये अलीकडच्या फेऱ्यांत शंभरातील सत्तरहून अधिक लोक व्यापक विश्वास दर्शवतात. ब्राझील आणि कोलंबियात दहाहूनही कमी. पण चीनमध्येही साठहून अधिक लोक होकार देतात, आणि तेथे अभ्यासकांच्या भुवया उंचावतात. डेल्हाय, न्यूटन आणि वेल्झेल यांनी २०११ मध्ये याचा उलगडा केला: ‘बहुतेक लोक’ म्हणताना कोणाच्या डोळ्यांसमोर कोण येते हे त्यांनी इतर प्रश्नांच्या आधारे पडताळले. पहिल्यांदाच भेटलेल्या, परधर्माच्या किंवा परदेशी माणसाबद्दल स्वतंत्र प्रश्न विचारले की, चीनमधील विश्वासाचा परीघ बराच लहान असल्याचे दिसते, आणि त्यानुसार दुरुस्ती केली की हा देश क्रमवारीत बराच खाली येतो.

प्रश्नावलीला पर्याय म्हणून प्रत्यक्ष वर्तन पाहण्याचा प्रयत्न झाला तो ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाकिटांच्या प्रयोगात. चाळीस देशांतील ३५५ शहरांत सतरा हजारांवर पाकिटे बँका, टपालघरे, हॉटेले अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांकडे, सापडली म्हणून, सोपवण्यात आली. पारदर्शक पाकिटात मालकाचे नाव आणि ईमेल पत्ता असलेले कार्ड, एक किल्ली आणि किराणा सामानाची यादी असे. काहींत थोडे पैसेही असत. पैसे असलेली पाकिटे मालकाला कळवण्याचे प्रमाण सरासरी ५१ टक्के आणि बिनपैशांच्या पाकिटांचे ४० टक्के निघाले, म्हणजे सर्वसाधारण समजुतीच्या नेमके उलट. स्वित्झर्लंड आणि स्कॅन्डिनेव्हियातील देश वरच्या टोकाला होते. चीन खालच्या टोकाला. मात्र चीनमध्ये कामकाजासाठी ईमेलचा वापर फारच कमी होतो, हा आक्षेप लगेच आला, आणि तो रास्त आहे. प्रश्नात चीन वर जातो, पाकिटात खाली येतो. दोन्ही निकालांत त्या समाजाइतकाच मापनाच्या साधनाचाही वाटा आहे.

विश्वास वारशाने येतो की अनुभवाने, या वादात दोन्ही बाजूंना पुरावा आहे. आल्गां आणि काहुक यांनी २०१० मध्ये दाखवले की, अमेरिकेत जन्मलेल्या स्थलांतरितांच्या मुलानातवंडांत विश्वासाची पातळी पूर्वजांच्या देशाशी मिळतीजुळती राहते. म्हणजे घरातून काही तरी झिरपते. उलट पीटर डिनेसेन यांच्या अभ्यासात, कमी विश्वासाच्या देशांतून उत्तर युरोपात आलेल्यांचा विश्वास नव्या देशात वाढलेला आढळला, आणि शासकीय कार्यालयांत आपल्याला न्याय्य वागणूक मिळते असे ज्यांना वाटले त्यांच्यात ही वाढ विशेष ठळक होती. स्वीडनचे बो रोथस्टाइन या बाजूचे मुख्य प्रवक्ते. त्यांचा तर्क साधा आहे: तहसील कचेरीतला कारकून, पोलिस आणि न्यायाधीश यांना विकत घेता येत असेल, तर ज्यांना कोणी ओळखत नाही अशा माणसांनाही काम करवून घेण्यासाठी लबाडी करावीच लागते, आणि आपल्या शेजाऱ्यालाही तसेच करावे लागत असणार हे प्रत्येकाला समजते. निःपक्षपाती कारभार आणि सर्वांना सारखी मिळणारी कल्याणसेवा या अनुभवातून अनोळखी माणसावरचा विश्वास उगवतो. उपलब्ध पुराव्याचे पारडे आज रोथस्टाइन यांच्याकडे झुकते असेच म्हणावे लागेल, आणि जर्मनीचे उदाहरणही त्यांच्याच बाजूचे आहे.

सहभागाचा विश्वासाशी असलेला संबंध त्याहूनही सैल आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०२३ च्या पाहणीत राष्ट्रीय सरकारवर विश्वास असणाऱ्यांचे प्रमाण स्वित्झर्लंडमध्ये ६२ टक्के, म्हणजे सहभागी देशांत सर्वांत जास्त होते. त्याच वर्षी तेथील संघीय निवडणुकीत मतदान मात्र सुमारे ४७ टक्के झाले. तेथे वर्षातून चार वेळांपर्यंत सार्वमते होतात, आघाडीचे सरकार फारसे बदलत नाही आणि लोक आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या प्रश्नापुरतेच मतदानाला जातात. शाफहाउझेन या एका कँटनमध्ये मत न देणाऱ्याला काही फ्रँकचा किरकोळ दंड होतो, आणि तेथील मतदान देशाच्या सरासरीपेक्षा सतत वर राहते. ऑस्ट्रेलियात १९२२ मध्ये साठ टक्क्यांच्या आत असलेले मतदान, १९२४ चा सक्तीचा कायदा येताच १९२५ मध्ये ९१ टक्क्यांवर गेले. तीन वर्षांत ऑस्ट्रेलियन माणसाचे मन बदलले असे कोणी म्हणणार नाही. अमेरिकेत १९५८ मध्ये सुमारे तीन चतुर्थांश लोकांचा केंद्रीय सरकारवर विश्वास होता. २००७ पासून हे प्रमाण तीस टक्क्यांच्याही वर गेलेले नाही. आणि तरीही २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पात्र मतदारांपैकी सुमारे दोन तृतीयांशांनी मतदान केले, जे शतकाहून अधिक काळातील सर्वाधिक प्रमाण होते. अविश्वासही माणसाला रांगेत उभे करतो.

भारताला या चौकटीत बसवताना प्रगत देशांवर बेतलेली गृहीतके उपयोगी पडत नाहीत. तेथे शिक्षण आणि उत्पन्न वाढले की मतदान वाढते. येथे मात्र गरीब आणि ग्रामीण मतदार श्रीमंत शहरी मतदाराइतकाच, अनेकदा त्याहून जास्त उत्साहाने मतदान करतो, हे योगेंद्र यादव यांनी नव्वदच्या दशकातील सर्वेक्षणांवरून मांडले होते. लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सत्तर टक्क्यांहून अधिक मतदान झाले, तर दक्षिण मुंबईत जेमतेम पन्नास टक्के. ज्याला सरकारी दवाखाना आणि शिधावाटप दुकान यांच्यावाचून पर्याय नाही त्याला मत मोलाचे वाटते. ज्याने पाणी, वीज, शाळा, सुरक्षा सारे खासगीत विकत घेतले आहे त्याला ते तितके वाटत नाही.

मंडळे आणि विश्वास यांचा प्रश्न भारतात धार्मिक दंगलींच्या संदर्भात सर्वांत काटेकोरपणे तपासला तो आशुतोष वार्ष्णेय यांनी. लोकसंख्येत हिंदू-मुस्लिम प्रमाण साधारण सारखे, पण दंगलींचा इतिहास भिन्न अशा शहरांच्या तीन जोड्या, अलीगढ व कालिकत, हैदराबाद व लखनौ, अहमदाबाद व सुरत, घेऊन त्यांनी २००२ मध्ये दाखवले की, शेजाऱ्यांची सणावारी ये-जा ही शांततेला पुरेशी नसते. व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालये अशी दोन्ही समाजांची मिळून चालणारी संघटित मंडळे असतील, तर अफवेच्या रात्री शांतता टिकते. केवळ एकाच समाजाची मंडळे कितीही दाट असली, तरी ती उपयोगी पडत नाहीत. जर्मनीतील गायनमंडळांचा धडा येथे वेगळ्या वाटेने पुन्हा भेटतो.

वार्ष्णेय यांच्या २००२ च्या ग्रंथात महाराष्ट्रातील एक उदाहरण येते. यंत्रमागांचे शहर भिवंडी १९७० मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये मोठ्या दंगलींत जळाले होते. सन १९८८ च्या सुमारास पोलिस उपायुक्त म्हणून तेथे आलेले सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या बांधल्या; प्रत्येकीत दोन्ही समाजांचे लोक, बैठका नियमित आणि स्थानिक पोलिस अधिकारी हजर. दंगलीपुरते नव्हे, तर नळ, गटार, भाऊबंदकी असले रोजचे तंटे तेथे मिटू लागले, आणि पोलिसांचा माणूस ओळखीचा झाला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्या शहराची लोकसंख्या, धंदा, गरिबी आणि जुन्या जखमा यांत त्या चार-पाच वर्षांत फारसा फरक पडलेला नव्हता. फरक पडला होता तो पोलिस ठाण्याच्या वागण्यात.